जन्मपापाची कल्पना आणि तान्ह्या बालकाचा प्रश्न : बेळगाव-निपाणी सीमाभागातील चर्चपरंपरांच्या संदर्भात

प्रास्ताविक

बेळगाव शहरात ख्रिस्ती धर्माच्या निरनिराळ्या परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. गोव्याकडून आलेली कॅथलिक परंपरा येथे जुनी आहे. जेझुइट धर्मगुरूंची सेंट पॉल्स शाळा १८५६ पासूनची असून १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. कॅम्पातील सेंट मेरीज चर्च हे इंग्रज छावणीसाठी उभारलेले अँग्लिकन चर्च होय. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनच्या स्वाधीन केले. निपाणी ओलांडून उत्तरेकडे गेले की कोल्हापूर, सांगली, मिरज हा अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचा मुलूख लागतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या या पट्ट्यात पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मातील चार मोठे प्रवाह पाहावयास मिळतात.

इतिहास, समाजशास्त्र किंवा तौलनिक धर्मविचार शिकविताना महाविद्यालयांत एक विधान वारंवार केले जाते : "ख्रिस्ती धर्मानुसार प्रत्येक मूल पापी जन्मते." हे विधान अगदीच चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आदमच्या अपराधाचा दोष तान्ह्या बालकाच्या माथी येतो काय, या प्रश्नाला वरील चार परंपरांची उत्तरे एकसारखी नाहीत, आणि एकाच परंपरेचे उत्तरही काळाबरोबर बदलत गेले आहे. हा भेद कोठून आला आणि व्यवहारात तो कसा दिसतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एका शब्दातील दोन अर्थ

मराठीत या कल्पनेला जन्मपाप, मूळ पाप किंवा आदिपाप असे म्हणतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त आदमच्या पतनाची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली. तेव्हापासून ही कल्पना मराठीला परिचित आहे. परंतु 'पाप' हा शब्द मराठीत फार मोठा आहे. त्यात केलेले वाईट कृत्य येते, त्या कृत्याची जबाबदारी येते, मनाचा वाईटाकडे असलेला ओढा येतो आणि विटाळासारखी अवस्थाही येते. लॅटिन धर्मशास्त्राने मात्र यातील दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक म्हणजे स्वभावातील बिघाड आणि दुसरी म्हणजे दोषित्व, अर्थात शिक्षेस पात्र असणे.

हा फरक घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. बापाकडून मुलाकडे आजार येऊ शकतो आणि बापाकडून मुलाकडे कर्जही येऊ शकते. आजार वारशाने आलेल्या मुलाला औषधाची गरज असते, पण त्या आजाराबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. कर्ज वारशाने आलेल्या मुलाच्या दारात मात्र सावकार उभा राहतो. मुलाने एक पैसाही उचललेला नसला तरी देणे त्याच्या नावावर असते. आदमपासून मनुष्यजातीकडे काहीतरी बिघडलेले आले, हे जवळजवळ सर्व ख्रिस्ती चर्च मानतात. जे आले तो केवळ आजार आहे की कर्जही आहे, येथे त्यांच्यात मतभेद सुरू होतो.

प्रश्न कोठून उपस्थित झाला?

जन्मपापाची कल्पना बायबलातील आदमच्या कथेतून सरळ निघाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास पाहता तान्ह्या मुलांच्या दोषाचा प्रश्न मुख्यतः एका रूढ विधीमुळे उपस्थित झालेला दिसतो. तो विधी म्हणजे तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा.

आरंभीच्या काळात ख्रिस्ती होणारी बहुसंख्य माणसे प्रौढ होती. ती आपल्या पापांचा पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घेत आणि त्या विधीत 'पापांची क्षमा' असे शब्द असत. प्रौढांच्या बाबतीत त्या शब्दांत कोणतीच अडचण नव्हती. पुढे ख्रिस्ती कुटुंबांत मुले जन्मू लागली आणि त्यांनाही तोच विधी लागू झाला. इ.स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तर्तुलियन या लेखकाने याबद्दल शंका घेतली. निरागस वयाला पापक्षमेची एवढी घाई कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. मुलांनी मोठे होऊन, समजून बाप्तिस्मा घ्यावा असे त्याचे मत होते. त्याच प्रदेशातील बिशप सिप्रियन याने इ.स. २५०नंतरच्या एका पत्रात उलट सल्ला दिला. बाप्तिस्म्यासाठी आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नये, असे त्याचे म्हणणे. मुलाने स्वतः काही केलेले नाही, ते केवळ आदमच्या वंशात जन्मल्यामुळे जुन्या मृत्यूची लागण घेऊन आले आहे आणि त्याला जी क्षमा मिळते ती स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या पापाची, असा त्याचा युक्तिवाद होता. 'लागण' आणि 'क्षमा', म्हणजेच आजार आणि कर्ज, हे दोन्ही विचार सिप्रियनच्या पत्रात एकत्र आलेले दिसतात.

ऑगस्टीनचा निर्णायक युक्तिवाद

हा विचार सिद्धांताच्या रूपात मांडला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने. पेलेगियस नावाचा ब्रिटनमधील एक व्रतस्थ त्या काळी रोममध्ये उपदेश करीत असे. माणूस प्रयत्नाने सदाचारी होऊ शकतो, देवाने अशक्य आज्ञा दिलेली नाही, यावर त्याचा भर होता. इ.स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले. त्या धामधुमीत पेलेगियस आणि त्याचा शिष्य सेलेस्टियस आफ्रिकेत आले. सेलेस्टियसने कार्थेज येथे धर्मगुरुपद मागितले, तेव्हा ४११ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवण्यात आले. आदमच्या पापाने केवळ आदमचेच नुकसान झाले आणि नवजात बालके पतनापूर्वीच्या आदमच्या अवस्थेतच असतात, अशी मते तो मांडतो, असे त्या आरोपांत होते.

या वादातील खरी खोच अशी की, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा हे सेलेस्टियसलाही मान्य होते. ऑगस्टीनने नेमके तेथेच बोट ठेवले. संपूर्ण चर्च तान्ह्या मुलांना पापक्षमेसाठी म्हणून बाप्तिस्मा देते आणि विधीतील शब्द खोटे असू शकत नाहीत. मुलाने स्वतः पाप केलेले नाही हे तर उघड आहे. तेव्हा ज्याची क्षमा होते ते पाप आदमकडून आलेलेच असले पाहिजे. अशा रीतीने रूढ विधीवरून सिद्धांताकडे जाण्याचा हा मार्ग होता. ४१८ च्या कार्थेज परिषदेने तो उचलून धरला आणि बालकांचा बाप्तिस्मा हा खऱ्या अर्थाने पापक्षमेसाठीच असतो असे ठरविले.

ऑगस्टीनला दुसरा आधार मिळाला तो पौलाच्या रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचा. एका मनुष्याद्वारे पाप व पापाद्वारे मरण जगात आले, असा त्या वचनाचा आशय आहे. वचनाच्या शेवटी एक लहानसा ग्रीक शब्दसमूह येतो. त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केले' असा घेतात, आणि मराठी बायबलातही असाच कारणदर्शक अर्थ दिसतो. ऑगस्टीनसमोर असलेल्या लॅटिन भाषांतराचा अर्थ मात्र 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले' असा लावता येत होता. 'ज्याच्या ठायी' म्हणजे आदमच्या ठायी, असे त्याने मानले. त्यामुळे सर्व मनुष्यजात आदममध्ये सामावलेली होती आणि तिने त्याच्यासोबतच अपराध केला, असा अर्थ निघाला. केवळ या भाषांतरामुळे सिद्धांत जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. विधीवरून काढलेला युक्तिवाद त्याच्याजवळ स्वतंत्रपणे होताच. तथापि ग्रीक मूळ वाचणाऱ्या पूर्वेकडील चर्चने दोषाच्या वारशाचा हा विचार त्या रूपात कधीच स्वीकारला नाही. आदमकडून मर्त्यता आणि दुबळेपणा आला, अपराध आला नाही, हीच सामान्यतः ऑर्थोडॉक्स चर्चची भूमिका राहिली आहे. तान्ह्यांना बाप्तिस्मा तेही देतात, पण तो ख्रिस्ताच्या जीवनात सामील होण्यासाठी. म्हणजे बालकाचा बाप्तिस्मा मानला की वारशाने येणारा दोष मानावाच लागतो, असे नाही.

ऑगस्टीनच्या निष्कर्षाचा कठोर भाग पुढे आला. बाप्तिस्म्याविना मरणाऱ्या बालकाचे काय? शिक्षा होईल, मात्र सर्वांत सौम्य होईल, असे त्याने उत्तर दिले. मध्ययुगातील पंडितांना हे असह्य वाटले. त्यांनी अशा बालकांसाठी 'लिंबो' नावाची अवस्था कल्पिली. तेथे यातना नाहीत, परंतु ईश्वराचे दर्शनही नाही.

बेळगावातील पहिली पिढी आणि दुसरी पिढी

आरंभीच्या चर्चमधील हा प्रश्न चौदा-पंधरा शतकांनंतर मराठी मुलखात पुन्हा जवळपास त्याच क्रमाने उभा राहिला. मराठीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या ग्रंथाचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावचा. त्यांचे आरंभीचे शिक्षण तेथील लंडन मिशनच्या शाळेत झाले, पुढे मुंबईत स्कॉटिश फ्री चर्चच्या संस्थेत. वाचन, वाद आणि दीर्घ अंतर्द्वंद्व यांनंतर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सारी वाटचाल त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात सांगितली आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी बाबा पदमनजी तेवीस वर्षांचे होते. पापाची कबुली स्वतःची, निर्णय स्वतःचा आणि त्याची सामाजिक किंमतही स्वतः मोजलेली. अशा माणसाच्या बाप्तिस्म्याचा अर्थ लावण्यासाठी आदमच्या दोषाचा हिशेब मांडण्याची गरजच पडत नाही. पण धर्मांतरितांचे संसार उभे राहिले, मुले जन्मली, आणि ती मुले मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठी आणली जाऊ लागली. तेव्हा तर्तुलियनचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला : या बालकाचे काय धुवायचे आहे?

याचे उत्तर मूल कोणत्या मिशनच्या चर्चमध्ये आणले गेले यावर अवलंबून होते. लंडन मिशनरी सोसायटीत प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथाचे लोक होते, आणि कोणत्याही एका पंथाची चर्चव्यवस्था परदेशात लादायची नाही असे तत्त्व तिने १७९६ मध्येच स्वीकारले होते. काँग्रिगेशनल परंपरेत विश्वासणाऱ्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देत, पण देवाने कुटुंबाशी केलेल्या कराराची खूण म्हणून. त्या पाण्याने मुलाचा दोष धुतला जातो असे ते मानीत नसत.

एक उदाहरण : तिसऱ्या दिवशी मरण पावलेले मूल

सिद्धांतातील भेद कागदावर सूक्ष्म वाटतात, पण मृत्यूच्या प्रसंगी ते ठळक होतात. समजा, विसाव्या शतकाच्या आरंभी या सीमाभागात ख्रिस्ती कुटुंबात मूल जन्मले आणि तिसऱ्या दिवशी बाप्तिस्म्यापूर्वीच वारले. चार परंपरांनी त्याच्याविषयी काय सांगितले असते?

कुटुंब कॅथलिक असते तर मुळात असे होऊ नये अशी चर्चची खटपट असे. मूल दगावेल अशी भीती वाटताच सुईण, शेजारीण किंवा कोणीही व्यक्ती पाणी ओतून आणि ठरावीक शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकते, असा नियम आहे. बाप्तिस्मा देणारी व्यक्ती ख्रिस्ती नसली तरी चालते, चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा तिचा हेतू मात्र हवा. ही घाई समजून घेण्यासाठी ट्रेंट परिषदेचा १५४६ चा निर्णय लक्षात घ्यावा लागतो. आदमचे पाप अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने सर्वांकडे येते आणि त्याचे दोषित्व बाप्तिस्म्याने नाहीसे होते, असे त्या परिषदेने ठरविले. हे सर्व करूनही मूल बाप्तिस्म्याविना गेले, तर १९१७ च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसार त्याला चर्चच्या विधीने दफन मिळत नसे. आईबापांना लिंबोची शिकवण सांगितली जाई.

कुटुंब अँग्लिकन असते तर १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील सूचना लागू झाली असती. बाप्तिस्म्याविना मरणाऱ्यासाठी दफनविधीची उपासना वापरू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. बाप्तिस्मा झालेले मूल स्वतः पाप करण्यापूर्वी वारले तर ते निश्चितपणे तारले जाते, असे आश्वासनही त्याच पुस्तकात आहे. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाविषयी पुस्तक मौन बाळगते. या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी नववे कलम जन्मपापाविषयी आहे. जन्मणाऱ्या प्रत्येक व्यक्तीतील हा बिघाड देवाच्या क्रोधास पात्र आहे, असे ते सांगते.

कोल्हापूरकडील प्रेसबिटेरियन कुटुंबात निराळी विचारसरणी आढळली असती. या चर्चचा आधार १६४६ ची वेस्टमिन्स्टर कबुली. तिच्यानुसार आदम हा मनुष्यजातीचा मुखत्यार होता. मुखत्याराने केलेली सही जशी कुळाला बांधते, तसा त्याचा दोष त्याच्या वंशजांच्या खाती धरला जातो. कर्जाची उपमा येथे सर्वांत नेमकी लागू पडते. मात्र तारणाची किल्ली बाप्तिस्म्यात नसून देवाच्या निवडीत आहे, असे ही परंपरा मानते. बालपणी मरणारी 'निवडलेली' बालके तारली जातात, एवढेच कबुली सांगत होती. मग न निवडलेलीही बालके असतात काय, ही शंका अडीच शतके लोकांच्या मनात घोळत राहिली. कोल्हापूरचे मिशन ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन चर्चच्या अधीन होते, त्याच चर्चने १९०३ मध्ये खुलासा प्रसिद्ध केला. बालपणी मरणारी सर्वच बालके निवडीत समाविष्ट आहेत असे त्यात जाहीर केले. कबुलीतील दोषाचे कलम कायम राहिले, पण बालकांपुरता त्याचा परिणाम संपला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, बेळगावचे लंडन मिशन मेथॉडिस्टांकडे गेले. त्यांच्या परंपरेचा संस्थापक जॉन वेस्ली याची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. १७८४ मध्ये अमेरिकेतील अनुयायांसाठी त्याने अँग्लिकन कलमांची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. जन्मपापाच्या कलमातील स्वभावाच्या बिघाडाचे वर्णन त्याने ठेवले, परंतु प्रत्येक नवजात व्यक्ती देवाच्या क्रोधास पात्र असते हे वाक्य गाळले. वेस्ली जन्मपाप मानीत नव्हता, असा निष्कर्ष यावरून काढणे चूक ठरेल. १७५७ मध्ये त्याने या सिद्धांताच्या समर्थनार्थ मोठा ग्रंथ लिहिला होता. मेथॉडिस्टांच्या दुसऱ्या कलमात ख्रिस्ताचे बलिदान मूळ दोषासाठीही आहे असे शब्द आजही आहेत. १७७६ च्या एका पत्रात त्याने आपला विचार उघड केला. आदमच्या दोषामुळे एकही बालक नरकात गेले नाही आणि जाणार नाही, कारण प्रत्येक मूल जगात येताच ख्रिस्ताच्या पुण्याईने तो दोष रद्द होतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कर्ज होते, पण मूल जन्मण्याच्या क्षणीच ते फेडले गेले. आजार मात्र शिल्लक राहतो आणि त्यासाठी आयुष्यभर कृपेची गरज असते. त्यामुळे बेळगावच्या मेथॉडिस्ट कुटुंबातील ते तिसऱ्या दिवसाचे मूल बाप्तिस्म्याविनाही सुरक्षित मानले गेले असते.

पाचवे उत्तर : बाप्तिस्माच नको

या चारही परंपरा तान्ह्यांना बाप्तिस्मा देतात. सोळाव्या शतकात, १५२५ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एक गट यापासून वेगळा झाला. विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. पुढे सतराव्या शतकात बॅप्टिस्ट आणि विसाव्या शतकात पेंटेकोस्टल मंडळींनी हाच आचार पाळला. त्यांच्यापैकी अनेकांच्या मते मुलाकडे वाईटाकडे झुकणारा स्वभाव येतो, परंतु बरेवाईट कळण्याचे वय येईपर्यंत देव त्याच्याकडून हिशेब मागत नाही. मूल जन्मल्यावर त्यांच्यात अर्पणविधी होतो, त्यात आशीर्वाद मागितला जातो, पाणी नसते. विशेष म्हणजे याच झुरिक शहरातील सुधारक झ्विंग्ली बालकांच्या बाप्तिस्म्याचा कट्टर पुरस्कर्ता होता, तरीही जन्मपाप हा दोष नसून आजार आहे असे तो म्हणे.

१९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. त्यात अँग्लिकन आणि प्रेसबिटेरियन वारशाच्या मंडळींबरोबर बॅप्टिस्टही आले. तान्ह्याचा बाप्तिस्मा किंवा तान्ह्याचे अर्पण व समजत्या वयातील बाप्तिस्मा, हे दोन्ही मार्ग या चर्चने मान्य केले. दोषाच्या वारशाविषयी एकमत झाल्यावाचूनही एका चर्चमध्ये राहता येते, हे यातून दिसते. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट या एकीकरणात सामील झाले नाहीत. १९८१ पासून ते 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वतंत्रपणे काम करीत आहेत.

कॅथलिक भूमिकेतील बदल

कॅथलिक चर्चने ट्रेंटचा निर्णय मागे घेतलेला नाही, पण त्याचा अर्थ अधिक काळजीपूर्वक मांडला आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात जन्मपाप हे 'केलेले' नव्हे तर 'लाभलेले' पाप आहे आणि आदमच्या वंशजांच्या बाबतीत ते वैयक्तिक अपराधाच्या स्वरूपाचे नाही, असा खुलासा आहे. येथे 'पाप' हा शब्द केवळ सादृश्याने वापरला आहे, असेही तो ग्रंथ नमूद करतो. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना चर्च देवाच्या दयेच्या हवाली करते. त्यांच्यासाठी दफनविधीची प्रार्थनाही आता उपलब्ध आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या विषयावर दस्तऐवज प्रसिद्ध केला. लिंबो हे एक शक्य असलेले धर्मशास्त्रीय मत होते, अनिवार्य श्रद्धा नव्हती, आणि अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे त्यात मांडले आहे. आयोगाने आशा म्हटले, निश्चित ज्ञान म्हटले नाही. हा फरक वर्गात सांगताना गाळू नये.

अध्यापनातील दक्षता

इस्लाममध्ये मूल फित्रतवर जन्मते, आदमची तौबा कबूल झाली आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, असे मानतात. या पार्श्वभूमीवर वाढलेल्या विद्यार्थ्याला जन्मपापाची कल्पना दुरून एकसंध आणि कठोर वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या ऑगस्टीनच्या शिकवणीवरून असे चित्र तयार होते, ती सर्वच चर्चची शिकवण नाही. ऑर्थोडॉक्स चर्चने ती घेतली नाही, वेस्लीने कलमातील वाक्य गाळले, प्रेसबिटेरियनांनी १९०३ मध्ये खुलासा केला आणि कॅथलिकांनी 'वैयक्तिक अपराध नव्हे' असे स्पष्ट केले. उलट बाजूने, हे सर्व पाहून "ख्रिस्ती लोकांनी जन्मपाप सोडून दिले" असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. बिघडलेल्या स्वभावाची शिकवण यांपैकी कोणीही सोडलेली नाही, आणि ख्रिस्ताच्या तारणाची गरज ते सारे तेथूनच समजावून सांगतात.

एखाद्या चर्चची भूमिका नेमकी ओळखावयाची झाल्यास तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आदमकडून काय येते? त्याचा दोष मुलाच्या खाती धरला जातो काय? आणि बाप्तिस्मा त्या मुलासाठी काय करतो? पहिल्या प्रश्नाची उत्तरे बहुतांशी जुळतात, दुसऱ्याची जुळत नाहीत, आणि तिसऱ्याच्या उत्तरावरून दुसऱ्याच्या उत्तराचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. मेथॉडिस्ट आणि कॅथलिक दोघेही बालकाच्या कपाळावर पाणी घालतात, पण कॅथलिक विधीत त्या पाण्याने जन्मपापाचे निवारण होते, तर मेथॉडिस्ट विधीत आधीच मिळालेल्या कृपेची ती खूण असते. तसेच केवळ जुनी कलमे वाचून थांबू नये. बाप्तिस्म्याची आणि दफनाची आज प्रत्यक्ष वापरात असलेली प्रार्थना कोणती, तेही पाहावे. चर्चने एखादे कलम कागदावर ठेवून प्रार्थनेतून त्याची धार काढल्याचे इतिहासात घडले आहे.

समारोप

तान्ह्या मुलाच्या दोषाचा सिद्धांत विधीचा अर्थ शोधताना आकाराला आला आणि पुढे तो सौम्य झाला तो मृत बालकांच्या प्रश्नापुढे. ऑगस्टीनने विधीतील शब्द प्रमाण मानले आणि त्यातून निघणारा निष्कर्ष स्वीकारला. त्याच्यानंतरच्या प्रत्येक पिढीला त्या निष्कर्षाचे उत्तर मूल गमावलेल्या आईबापांसमोर उभे राहून द्यावे लागले. लिंबो, वेस्लीने गाळलेले वाक्य, १९०३ चा खुलासा आणि २००७ चा दस्तऐवज ही त्या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे आहेत. सीमाभागातील महाविद्यालयांत या परंपरांतील विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. तेव्हा "ख्रिस्ती धर्म असे म्हणतो" असे सरसकट सांगण्याऐवजी कोणते चर्च, कोणत्या काळी आणि कोणत्या अर्थाने असे म्हणते, हे सांगणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक खरे ठरेल.